क्वालिटीतून प्लांट हेड होता येतं का?

प्रश्न : सर, मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी म्हणून लागलोय. मला क्वालिटीला टाकलंय. सीनियर म्हणतात, प्लांट हेड प्रॉडक्शनवालाच होतो, आत्ताच बदली मागून घे. मेंटेनन्समध्ये जागा आहे, पण तिकडे गेलं की माणूस तिथेच अडकतो म्हणतात. काय करू?

उत्तर : बदली आत्ता मागू नकोस. प्लांट हेड बहुतेक वेळा प्रॉडक्शनमधून येतो हे खरं आहे, कारण माणसं आणि रोजचं डिस्पॅच त्याने सांभाळलेलं असतं. पण सुरुवात कुठून झाली यापेक्षा तिन्ही खात्यांचा हिशोब एकत्र मांडता येतो का, याला जास्त किंमत असते. हे एका शिफ्टवरून सांगतो.

सीएनसी मशीनवर बोअरिंग चाललंय. जेवणाची सुट्टी वगळून 450 मिनिटं हातात आहेत आणि एका नगाला 1 मिनिट लागतं. सेटिंग बदलायला 50 मिनिटं गेली आणि कूलंटची मोटर ट्रिप झाली म्हणून 40. उरलेल्या 360 मिनिटांत 324 नग निघाले, त्यातले 16 रिजेक्ट. म्हणजे चांगले नग 308. 308 भागिले 450, म्हणजे हातातल्या वेळेतला चांगल्या नगांत उतरलेला वाटा, ज्याला ओईई म्हणतात, तो साधारण 68 टक्के.

संध्याकाळी मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये 40 मिनिटांचा ब्रेकडाऊन लिहिला जातो. क्वालिटीच्या नोंदीत 16 नग बोअर साइझमुळे रिजेक्ट, आणि प्रॉडक्शनच्या शीटवर ‘ऑपरेटर स्लो’. तिन्ही नोंदी खऱ्या आहेत, पण कारण एकच आहे. कूलंट टाकीत चिप्स साचून फिल्टर चोंदला होता. धार कमी झाली, टूल टिकेना, म्हणून ऑपरेटरने फीड कमी केला; नग कमी निघाले ते त्यामुळे. पुढे मोटर ट्रिप झाली. मशीन 40 मिनिटं थंड पडलं आणि परत सुरू केल्यावर साइझ काही मायक्रॉन सरकली. ब्रेकडाऊननंतर पहिला नग तपासून घ्यायचा नियम घाईत राहिला, म्हणून चूक 16 नगांनंतर लक्षात आली. आणि टाकी साफ करायची तारीख आठवड्यापूर्वीच होऊन गेली होती. डिस्पॅच अडलंय म्हणून प्रॉडक्शनने मशीन सोडलंच नव्हतं.

या 16 नगांमागे टाकीपर्यंत जाणारा मुलगा पुढे सरकतो, मग तो कुठल्याही खात्यातला असो. ‘रिजेक्ट’चा शिक्का मारून थांबणारा दहा वर्षांनीही इन्स्पेक्टरच राहतो.

म्हणून आधी तुझं क्वालिटीचं काम कोणतं ते बघ. लाइनवर उभं राहून तासातासाला साइझ बघणं, पहिला नग पास करणं, ग्राहकाची तक्रार आली की कारण शोधणं असं काम असेल तर दोन-तीन वर्षं मनापासून कर. फायनल इन्स्पेक्शनचं टेबल किंवा ऑडिटच्या फाइली असतील, तर कन्फर्मेशनच्या वेळी लाइनवरच्या इन-प्रोसेस तपासणीला बदली माग. त्यानंतर शिफ्ट सुपरवायझरची जागा सोडू नकोस, नाइट शिफ्ट असली तरी. रात्री दोन वाजता ऑपरेटर गैरहजर, मशीन बंद आणि सकाळी गाडी भरायची, हा निर्णय तिथे तुझ्या एकट्याच्या अंगावर येतो. क्वालिटीवाल्याच्या अनुभवात हीच उणीव मुलाखतीत चटकन दिसते.

मेंटेनन्सबद्दल सीनियर म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. चांगला मेंटेनन्सवाला सगळ्यांना हवा असतो, म्हणून त्याला कुणी हलवत नाही. पण फाउंड्री, फोर्जिंग, केमिकलसारख्या ठिकाणी, जिथे भट्टी किंवा कॉम्प्रेसर थांबला की सगळं थांबतं, तिथून प्लांट हेड होणारे आहेत. तू खातं बदलू नकोस, पण वार्षिक शटडाऊनला मेंटेनन्सच्या टीमबरोबर राहायची परवानगी माग.

पुढे सुपरवायझर, लाइन इनचार्ज, असिस्टंट मॅनेजर, प्रॉडक्शन मॅनेजर, मग प्लांट हेड. नावं कंपनीगणिक बदलतात, आणि पंधरा-वीस वर्षं धरून चाल. सर्वांत अवघड पायरी लाइन इनचार्जची. तोवर बिघाड झाला की तू स्वतः हात घालतोस, तिथून पुढे तीन शिफ्टचे सुपरवायझर तुझ्याविना नीट चालले पाहिजेत. प्रति नग खर्च, ओव्हरटाइम, स्क्रॅपची रक्कम हे आकडेही तिथेच पहिल्यांदा तुझ्या नावावर येतात.

एक अडचण स्पष्ट सांगतो. बऱ्याच कंपन्यांत डिप्लोमावाल्याची बढती मॅनेजर ग्रेडच्या अलीकडे थांबते. एचआरला आत्ताच विचार, तुमच्याकडे डिप्लोमा झालेला सर्वांत वरच्या ग्रेडचा माणूस कोण? उत्तर ‘सीनियर इंजिनिअर’ असं आलं, तर पदवी करून घे. डिप्लोमाच्या जोरावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग काही महाविद्यालयांत आहेत. लग्न, घराचा हप्ता मागे लागायच्या आत ते उरकून घे.