मागचा आकडा शून्य किंवा उणे असेल तर टक्के काढू नकोस

भाऊ, रावेरच्या केळी गटाचा तुझा तक्ता पाहिला. मागच्या वर्षी ४ लाख तोटा, यंदा २ लाख नफा, आणि बदलाच्या रकान्यात −१५०%. सुधारणा ६ लाखांची, पण वाचणाऱ्याला वाटेल गट बुडाला. सूत्रात भागाकार −४ ने झाला, म्हणून चिन्ह उलटलं. याच सूत्राने तोटा ४ वरून ८ लाखांवर गेला तर +१००% येईल, हे त्याहून घातक.

काही जण भाजकाला ABS लावतात, म्हणजे त्याचं उणे चिन्ह काढून टाकतात. चिन्ह सुधारतं, आकडा मात्र फसवाच राहतो. ४ लाख तोट्यातून २ लाख नफा म्हणजे १५०%. मागचा तोटा फक्त १० हजार असता तर तोच २ लाख नफा २१००% दिसला असता. म्हणजे सुधारणा कमी आणि टक्का चौदापट! सभासदांसमोर असा आकडा मी कधीच ठेवणार नाही.

केळी चिप्सची विक्री मागच्या वर्षी शून्य होती, तिथे #DIV/0! आलं. ते IFERROR ने झाकून ० लिहू नकोस, कारण ०% म्हणजे 'बदल नाही'. तिथे 'यंदा सुरू' असं हाताने लिही. बाकी ओळींत हे सूत्र टाक:

```
=IF(B2>0,(C2-B2)/B2,"लागू नाही")
```

B मागचं वर्ष, C यंदाचं. शेजारी रुपयांतल्या फरकाचा रकाना ठेव, आणि नफ्याच्या ओळीत 'तोट्यातून नफ्यात, ६ लाखांची सुधारणा' असं शब्दांत लिही. दोन्ही वर्षांचे मूळ आकडे तक्त्यातून काढू नकोस.