‘पटलं’ आणि ‘मान्य केलं’

प्रश्न : किशोरांसाठी कथा लिहिते आहे. वादविवाद मंडळातली मुलगी विरुद्ध बाजूचा भक्कम पुरावा पाहून मत बदलते. ‘मतपरिवर्तन झाले’ कोरडं वाटतं, ‘माघार घेतली’ म्हटलं तर ती हरल्यासारखी वाटते. कोणता शब्द वापरू?

‘पटणे’ वापरा. त्यातही एक भेद सांभाळा.

‘तिने मत बदललं’ या वाक्यात बदलणारी ती आहे. ‘तिला पटलं’ म्हटलं की कर्तेपण समोरच्या गोष्टीकडे जातं. मुद्दा पटला, गोष्ट पटली, म्हणणं पटलं. क्रियापद मुद्द्याच्या लिंगाप्रमाणे चालतं. ती फक्त ‘तिला’ म्हणून उरते. पुराव्यापुढे माणसाचं नेमकं हेच होतं. शिवाय नुसतं ‘तिला पटलं’ लिहून भागत नाही. काय पटलं, हे वाचक विचारतोच, आणि तिथे पुरावा तपशिलात दाखवावा लागतो.

समजा विषय आहे ‘माध्यमिक शाळा उशिरा भरावी’. तुमची नायिका विरोधात बोलते : शाळा उशिरा भरली तर मुलं तेवढीच उशिरा झोपतील, झोप वाढणार नाही. प्रतिपक्षाचा मुलगा अमेरिकेतल्या सिएटल शहराचा दाखला देतो. तिथे 2016 मध्ये शाळेची वेळ 7.50 वरून 8.45 केली. मुलांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी यंत्रं बांधून आधीची आणि नंतरची झोप मोजली. ती रोज साधारण 34 मिनिटांनी वाढलेली निघाली. तिचा अख्खा युक्तिवाद ज्या एका वाक्यावर उभा होता, तेच वाक्य मोजून खोटं ठरलं.

या क्षणी ती ‘निरुत्तर’ होते. पटणं अजून दूर आहे. निरुत्तर माणूस घरी जाऊन नवा मुद्दा शोधतो, आणि तिनेही शोधावा : शाळा दोनच होत्या, आधीची मुलं वेगळी आणि नंतरची वेगळी. हा आक्षेप खरा आहे. तरी मुलं तेवढीच उशिरा झोपतील, हे तिचं भाकीत या आक्षेपाने बचावत नाही. ते तिच्या लक्षात येतं, तेव्हा ‘पटतं’.

‘मान्य करणे’ ही त्यानंतरची पायरी. पटणं मनात, आपसूक होतं. मान्य ‘तिने’ करायचं असतं, चार लोकांसमोर, तोंडाने. ‘तिला पटलं होतं, पण मान्य करवत नव्हतं’ हे वाक्य मराठीत किती सहज येतं! मला वाटतं, तुमची कथा त्या ‘पण’पाशी आहे. ‘घूमजाव’, ‘कोलांटउडी’ हे शब्द निवेदनात नकोत. तिच्यावर चिडलेल्या जोडीदाराच्या तोंडी ते शोभतील, कारण त्याला पटणं दिसलेलं नाही, फक्त मान्य करणं दिसलं आहे.

आणखी एक, वाचक किशोर आहेत म्हणून. ‘त्याने तिला पटवलं’ लिहू नका, ती मुलं त्याचा भलताच अर्थ घेतील. ‘पटवून दिलं’ लिहा.