पळणाऱ्या मुलाची ४४ आणि आईची ४२

प्रश्न: मी ३८ वर्षांचा, काही वर्षांपासून मॅरेथॉन पळतो. सकाळी उठल्यावर माझी नाडी ४४ असते, डॉक्टर म्हणाले छान आहे. आई ७३ वर्षांची. तिच्या बीपी मशीनवर हल्ली ४२ दिसतंय आणि अधूनमधून तिला चक्कर येते. बीपीची गोळी चालू आहे. ती म्हणते, "तुझ्यासारखंच माझं, तू उगाच घाबरतोस." खरंच दोन्ही सारखं आहे का?

उत्तर:

नाही, सारखं नाही. आईंचा ईसीजी आजच काढून घ्या. गावातल्या छोट्या दवाखान्यातही तो निघतो, दहा मिनिटांचं काम आहे. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, डोळ्यांत घालायचे थेंब असतील तर तेसुद्धा. का ते पुढे सांगतो. मधल्या वेळात त्या बेशुद्ध पडल्या, छातीत दुखू लागलं, बसल्या जागी दम लागला किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर ईसीजीची वाट न बघता १०८ ला फोन करा. बीपीची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोनवर विचारा. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका, कारण त्यातल्या काही गोळ्या एकदम थांबवल्या की छातीत दुखण्याचा त्रास उफाळू शकतो.

आता मशीनवरचा आकडा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटं ठेवा आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, ठोके अनियमित असतील तर तो हिशेब फसतो. आणखी एक गंमत असते. काही जणांच्या हृदयात दर दुसरा ठोका वेळेआधीच पडतो. तोवर हृदय भरलेलंच नसतं, त्यामुळे त्या ठोक्याचं रक्त मनगटापर्यंत जाणवेल इतकं पुढे जात नाही. हृदय ८४ वेळा आकुंचन पावतं आणि मशीन ४२ दाखवतं. त्याचाही तपास लागतो, पण तो वेगळ्या वाटेने. म्हणून ईसीजीशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

तुमची ४४ कुठून आली ते बघू. आराम करताना शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुरतं. न पळणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला ७० मिली रक्त बाहेर टाकत असेल, तर पाच लिटरसाठी त्याला ७० ठोके लागतात. पळून पळून तुमच्या डाव्या कप्प्याची क्षमता वाढलेली असते. एका ठोक्याला ११० मिली गेलं, तर ४५ ठोक्यांत तेच काम होतं. शिवाय हृदयाला आवरून धरणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा पगडा पळणाऱ्यांमध्ये जास्त असतो, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने ठोका सुरू करणारी गाठ, म्हणजे सायनस नोड, स्वतःच थोडी सावकाश होते. रात्री झोपेत तुमचं घड्याळ ३६-३८ दाखवत असेल तरी मला नवल वाटणार नाही. अशा खेळाडूच्या ईसीजीत वरच्या कप्प्यातून खाली संदेश जायला जरा उशीर लागताना दिसतो, झोपेत एखादा ठोका गळतोही. कारण व्हेगसच असल्याने दोन चकरा मारून अंग गरम केलं की ते सगळं नाहीसं होतं. तुमच्या बाबतीत खरी दिलासा देणारी गोष्ट ४४ हा आकडा नाही. चढावर पळताना तीच नाडी १६०-१७० पर्यंत जाते आणि थांबल्यावर पटापट उतरते, ही आहे.

आईंच्या वयात नाडी मंद होते तेव्हा बिघाड बहुधा दोनपैकी एका जागी असतो. एक म्हणजे सायनस नोडच थकतो. त्याच्या पेशी कमी होतात, जागी तंतू भरतात. मग नाडी मंद राहते, मध्येच काही सेकंद ठोकाच पडत नाही, आणि जिना चढला तरी ती ५०-५५ च्या वर जायला तयार होत नाही. दुसरी जागा खालची. वरच्या कप्प्यात ठोका वेळेवर सुरू होतो, पण खाली नेणारी वायर झिजलेली असते. ती पूर्ण तुटली, की खालचे कप्पे नाइलाजाने स्वतःच्या मंद गतीने, मिनिटाला तीस-चाळीस वेळा, चालू लागतात. ही गती भरवशाची नसते. ती सहा-सात सेकंद थांबली तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस खाली पडतो. त्याहून जास्त थांबली तर हातपाय झटकतात, आणि बघणाऱ्याला ती फिट वाटते. अशा एखाद्या रुग्णाला महिनोन्‌महिने फिटच्या गोळ्या दिल्या गेल्याचं मी पाहिलंय.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण आईंच्या बाबतीतही हीच चूक होऊ शकते. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या. तक्रार अशी की बीपी आवरत नाही आणि उभं राहिलं की गरगरतं. बीपी १९० वर ६०. त्याआधी दुसरीकडे वरचा आकडा बघून त्यांची ॲटेनोलॉल दुप्पट केली होती. नाडी हाताने मोजली, ३८, अगदी नियमित. मान बघितली तर मानेतली शीर मधूनच जोरात उसळत होती, दर ठोक्याला नाही, कधीतरीच. वरचा कप्पा आणि खालचा कप्पा एकाच वेळी आकुंचन पावले की मधली झडप बंद असते आणि वरच्या कप्प्यातलं रक्त उलटं मानेकडे फेकलं जातं, ते तसं दिसतं. ईसीजीत वरच्या कप्प्याच्या लहरी मिनिटाला ९० आणि खालच्या कप्प्याच्या ३८. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. यालाच कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात.

मग बीपी इतकं का चढलं? दोन ठोक्यांत दीड सेकंदाहून जास्त अंतर असल्याने हृदय तुडुंब भरतं आणि एका ठोक्यात खूप रक्त टाकतं. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांत त्याने वरचा आकडा वर जातो. नंतरच्या लांब विश्रांतीत दाब खाली घसरत राहतो, म्हणून खालचा आकडा उतरतो. म्हणजे तो दाब नाडी मंद झाल्यामुळे वाढला होता, आणि तो उतरवायला दिलेली गोळी नाडी आणखी मंद करणारी होती. आजींना दाखल करून मॉनिटर लावला, गोळी थांबवली, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि थायरॉइड तपासलं. तिन्ही ठीक निघालं. औषधाचा असर पूर्ण उतरल्यावरही ब्लॉक तसाच राहिला, तेव्हा पेसमेकर बसवला. नाडी ७० वर आली आणि दुसऱ्या दिवशी बीपी १५० च्या घरात उतरलं, नवी गोळी न देता.

म्हणून आईंच्या बीपीचे दोन्ही आकडे लिहून न्या. वरचा खूप आणि खालचा कमी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोळ्यांची पिशवी न्यायला सांगितली ती याचसाठी. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन, स्मरणशक्तीसाठी देतात ती डोनेपेझिल, या सगळ्यांनी नाडी उतरते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालतात त्या टिमोलॉल थेंबांचीही तीच तऱ्हा, आणि थेंब हे औषध आहे हे घरच्यांच्या लक्षातच नसतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन मूत्रपिंड मंदावलं तर आजवर सोसलेला डोसही जड होतो. त्यात पोटॅशियम वाढलं तर नाडी धोकादायकरीत्या घसरते. असं कारण सापडलं आणि ते दूर करून नाडी परत आली, तर पेसमेकर कदाचित टळेल. पण तुमच्या अंदाजावर नाही, दाखल करून, मॉनिटरवर.

प्रत्येक चक्कर नाडीचीच असेल असंही नाही. कुशीवर वळताना खोली फिरल्यासारखी वाटते, मिनिटभरात थांबते, ती बहुधा कानातली. अंथरुणातून उठल्यावर येते ती बीपी पडल्याची असू शकते. आडवं असताना बीपी मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तेही कारण. पण नुसतं बसलेलं असताना, काही पूर्वसूचना न देता अंधारी येत असेल, तर मी ती हृदयाचीच धरून चालतो, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. पडताना कोणी बघितलं असेल त्याला सोबत न्या. चेहरा पांढराफटक पडला होता का, शुद्ध आल्यावर लाल झाला का, एवढं त्याने सांगितलं तरी खूप काम होतं.

एक कृपा करा. तुमचं बघून आईंना "नाडी वाढते का बघू" म्हणत जिना चढायला लावू नका. खालच्या वायरीत बिघाड असेल तर वरचा कप्पा जितका वेग घेईल तितके जास्त ठोके मध्येच अडतात आणि नाडी उलटी उतरते. असा माणूस जिन्यातच पडतो.

ईसीजी चांगला आला म्हणजे विषय संपला असं नाही. तो दहा सेकंदांचा असतो आणि बिघाड येऊन-जाऊन असतो. मग होल्टर लावतात, छातीला चिकटवलेलं छोटं यंत्र, २४ तास किंवा जास्त. आईंना वही द्या. चक्कर आली की वेळ लिहायची, किती वाजले एवढंच. चक्कर चार वाजून दहा मिनिटांनी आणि यंत्रातही त्याच मिनिटाला चार सेकंदांचा थांबा, ही जोडी जमली की निदान पक्कं. सायनस नोडच्या आजारात पेसमेकरचा निर्णय या जोडीवरच ठरतो. नाडी अमुक आकड्याखाली गेली की बसवायचाच, अशी रेषा नाही. खालच्या वायरीचा मोठा ब्लॉक दिसला, म्हणजे मोबिट्झ टाइप दोन किंवा कम्प्लीट, आणि दूर करता येण्यासारखं कारण नसेल, तर मात्र चक्कर येवो न येवो, पेसमेकर बसवतात. "मला काही होत नाही" म्हणणारे आजोबा इथेच अडतात. त्यांना समजवायला माझा जास्त वेळ जातो.

तुमच्यासाठी दोन ओळी. एकदा तुमचाही साधा ईसीजी काढून जपून ठेवा, पुढे तुलनेला उपयोगी पडतो. पळताना चक्कर आली, बेशुद्ध पडलात, नाडी पूर्वीइतकी चढेनाशी झाली किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर "मी पळतो म्हणून मंद आहे" हे उत्तर पुरेसं नाही. स्वीडनमध्ये ९० किलोमीटरची वासालोपेट ही स्की शर्यत असते. तिच्या पन्नास हजारांहून जास्त स्पर्धकांचा पाठपुरावा केला तेव्हा सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत वेगात धावलेल्यांत पुढे ठोक्यांच्या तक्रारी जास्त आढळल्या, मंद ठोक्यांच्याही. म्हणून पन्नाशीनंतर चक्कर आली तर पळण्याचा इतिहास डॉक्टरांना सांगा, पण त्यावरून स्वतःची सुटका करून घेऊ नका.

आईंचा ईसीजी झाला की नाव झाकून फोटो इथे टाका. वरची पट्टी आणि खालची लांब पट्टी, दोन्ही दिसू द्या.