पाठराखीण

"ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. अकरावीपासूनची मैत्री, चार वर्षं एका खोलीत राहतोय. तिचं रुखवत मीच करतेय. मला खरंच आनंद झालाय, पण रात्री पसारा आवरला की रडू येतं. ती नाशिकला जाणार. मी मनातून जळतेय का?" – एक वाचक, पुणे

अगं, उद्या तुझंही लग्न ठरलं असं क्षणभर धर. रडू थांबतं का? थांबत असेल, तर तुला स्वतःच्या लग्नाची ओढ लागली आहे आणि तो विषय निराळा. पण तरीही तिची रिकामी कॉटच डोळ्यांपुढे येत असेल, तर हे जळणं नाही. पाठवणीला आई रडते तेव्हा सगळे तिला पाणी देतात. मैत्रिणीला मात्र मांडवात रडायला जागाच नसते. तिनं अक्षता वाटायच्या आणि फोटोत हसायचं. म्हणून ते रडू रात्री येतं.

माझी चूक सांगते. मीही मैत्रिणीचं रुखवत केलं होतं. लग्नानंतर मात्र "आधी तिचा फोन येऊ दे" म्हणून दीड महिना रुसून बसले. पहिल्या सणाला ती माहेरी आली. चहाचा कप उचलताना हातातला हिरवा चुडा किणकिणत होता. म्हणाली, "फोन दिवाणखान्यात आहे गं. सगळ्यांसमोर तुझ्याशी काय बोलू?" माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं.

आता फोन खिशात असतो, पण नव्या घरात एकटेपणाची दहा मिनिटं मिळणं आजही सोपं नाही. पहिले दोन महिने तू मेसेज करत राहा, उत्तर मोजू नकोस. बोलायची वेळ तिला ठरवू दे.

त्याआधी तिचं केळवण कर, तुमच्या खोलीवर, फक्त दोघींचं. साधा वरणभात चालेल, पण ताटाभोवती रांगोळी काढ, तिला ओवाळ. जेवण झालं की सांग, "मला आनंद झालाय आणि तू जाणार म्हणून रडूही येतंय." हळदीच्या रात्रीपर्यंत थांबू नकोस. तेव्हा ती दमलेली असेल आणि घर पाहुण्यांनी भरलेलं.

आणखी एक. तिच्या घरी पाठराखणीची रीत असेल आणि कुणाचं नाव ठरलं नसेल, तर तिच्या आईला विचार, "मी जाऊ का?" एकच रात्र राहा. तिचं कपाट कुठे आहे, खिडकीतून काय दिसतं, सासूबाई तिला काय म्हणून हाक मारतात, हे बघून ये. मग ती फोनवर "इथे बसलेय" म्हणाली की ते "इथे" तुला दिसेल.

श्रावणात तिची पहिली मंगळागौर येईल. जागरणाला फुगड्या घालायला तू हवीसच. ऑफिसात त्या मंगळवारची आणि दुसऱ्या दिवशीची रजा आत्ताच सांगून ठेव.