साधा लंबक: आलेख कोणती चूक पकडतो आणि कोणती झाकून ठेवतो

पी.यू.सी. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेतून आलेल्या प्रश्नांमध्ये या वेळी साध्या लंबकाचेच प्रश्न अधिक होते. सीमाभागातील अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून शिकून आता इंग्रजीत रेकॉर्ड लिहितात, म्हणून पारिभाषिक शब्द शक्य तितके सोपे ठेवले आहेत. महाराष्ट्रातले वाचक ज्याला जर्नल म्हणतात, त्यालाच आपल्याकडे रेकॉर्ड म्हणतात.

प्रश्न: सहा लांब्यांसाठी g काढला. पहिल्या ओळीत ९.३९ आला आणि खाली खाली वाढत ९.५८ पर्यंत गेला. सरासरी ९.५१ येते. मोजणी दोनदा तपासली, तरी कुठे चुकले ते कळत नाही. (विद्यार्थिनी, खानापूर)

तुम्ही पाठवलेला तक्ता आधी वाचकांसमोर ठेवतो. वेळ २० दोलनांची आहे आणि स्टॉपवॉचचे लघुत्तम माप ०.१ सेकंद आहे.

| L (सेंमी) | २० दोलनांची वेळ (से) | T (से) | T² (से²) | g (मी/से²) |
|---|---|---|---|---|
| ५० | २९.० | १.४५० | २.१०३ | ९.३९ |
| ६० | ३१.६ | १.५८० | २.४९६ | ९.४९ |
| ७० | ३४.१ | १.७०५ | २.९०७ | ९.५१ |
| ८० | ३६.४ | १.८२० | ३.३१२ | ९.५३ |
| ९० | ३८.५ | १.९२५ | ३.७०६ | ९.५९ |
| १०० | ४०.६ | २.०३० | ४.१२१ | ९.५८ |

या तक्त्यात सर्वांत बोलका स्तंभ शेवटचा आहे. वेळ मोजताना हात मागेपुढे झाला असता, तर g कधी जास्त, कधी कमी असा विस्कळीत आला असता. तुमच्या तक्त्यात तो लांबीबरोबर जवळजवळ क्रमाने वाढत जातो. अशी चढती मांडणी दिसली की प्रत्येक ओळीत सारखाच काहीतरी तुकडा सुटला आहे असा संशय घ्यावा, कारण ५० सेंमी लांबीत २ सेंमी सुटणे म्हणजे चार टक्क्यांची चूक होते आणि तेच २ सेंमी १०० सेंमी लांबीत सुटले तर चूक दोनच टक्क्यांची राहते.

तुमच्या वर्णनानुसार L म्हणजे बुचाच्या खालच्या कडेपासून दोऱ्याच्या गाठीपर्यंतची लांबी आहे. सूत्रातली लांबी मात्र टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. गाठीच्या खाली ०.८ सेंमीचा हुक आहे, आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजलेला गोळ्याचा व्यास २.४० सेंमी असल्याने त्रिज्या १.२० सेंमी आहे. म्हणजे प्रत्येक ओळीत बरोबर २.० सेंमी राहून गेले. हे मिळवून ५२, ६२, ७२ अशा लांब्यांनी गणित पुन्हा केले तर सहाही किमती ९.७६ ते ९.८१ च्या दरम्यान येतात, त्यांत चढता किंवा उतरता क्रम उरत नाही आणि सरासरी ९.७८ येते. तुमची वेळ उत्तम मोजलेली होती.

याच्या उलट चूकही पुष्कळदा होते: त्रिज्येऐवजी पूर्ण व्यास मिळवला जातो. मग लांबी जास्त धरली जाते, आणि शेवटच्या स्तंभात g लांबीबरोबर कमी कमी होताना दिसतो.

प्रश्न: माझी T² विरुद्ध L ची रेषा शून्यातून जात नाही, थोडी वर राहते. सूत्राप्रमाणे ती शून्यातून जायलाच हवी, म्हणून मैत्रीण सांगते की पट्टी शून्यावर ठेवूनच ओढ. तसे करू का? (विद्यार्थिनी, बेळगाव)

करू नका. वरच्याच तक्त्याचा आलेख काढून पाहा, म्हणजे कारण दिसेल. L आडव्या अक्षावर आणि T² उभ्या अक्षावर घ्या, आडवा अक्ष उणे ५ सेंमीपासून सुरू करा, आणि बिंदूंच्या मधून पारदर्शक पट्टीने अशी रेषा ओढा की काही बिंदू तिच्या किंचित वर आणि काही किंचित खाली राहतील. रेषा मागे वाढवली की ती उभ्या अक्षाला सुमारे ०.०८ वर छेदते आणि आडव्या अक्षाला उणे २ सेंमीच्या आसपास छेदते.

लांबीत c इतका तुकडा सुटला असेल, तर खरे नाते असे होते:

T² = (4π²/g)(L + c)

यात c मुळे रेषा फक्त सरकते, तिचा चढ बदलत नाही. म्हणून चढावरून काढलेला g लांबीच्या या चुकीपासून मुक्त असतो, आणि आडव्या अक्षावरचा उणे छेद सुटलेला तुकडा किती हे सांगतो. तुम्ही रेषा जबरदस्तीने शून्यातून नेलीत तर तीच चूक चढात शिरते आणि उत्तर पुन्हा ९.५ च्या घरात येते.

चढ काढताना तक्त्यातले बिंदू न घेता रेषेवरचे, एकमेकांपासून लांब असलेले दोन बिंदू घ्यावेत. आपल्या रेषेवर L = ४० ला T² = १.७० आणि L = ११० ला ४.५२ वाचता येतात. फरक २.८२ भागिले ७० म्हणजे ०.०४०३, आणि 4π² म्हणजे ३९.४८ भागिले ०.०४०३ केले की ९८० सेंमी/से², अर्थात ९.८० मी/से². दोन्ही वाचनांत मिळून ०.०२ चे अंतर सहज पडू शकते. ते २.८२ च्या सुमारे ०.७ टक्के असल्यामुळे उत्तर ९.८० ± ०.०७ असे लिहावे. छेदातही अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून हुक आणि त्रिज्या कॅलिपरनेच मोजाव्यात. छेदाने फक्त पडताळा घ्यावा.

प्रश्न: आमच्या गटाची रेषा अगदी शून्यातून जाते, सगळे बिंदू रेषेवर आहेत, पण g १०.८ आला. इतका सुंदर आलेख चुकीचा कसा? (विद्यार्थी, निपाणी)

आलेखाला जी चूक दिसत नाही, तिचे हे उदाहरण आहे. प्रत्येक T एकाच प्रमाणात कमी किंवा जास्त असेल, तर रेषा शून्यातूनच जाते, फक्त तिचा चढ बिघडतो. तुमच्या १०० सेंमी लांबीच्या ओळीत २० दोलनांना ३८.२ सेकंद लिहिले आहेत. या लांबीला सुमारे ४०.२ सेकंद लागायला हवेत, म्हणजे फरक बरोबर एका दोलनाचा आहे. स्टॉपवॉच दाबताना तुमच्या गटात "एक" म्हटले जात असणार आणि "वीस" म्हणताच ते थांबवले जात असणार, त्यामुळे प्रत्यक्षात १९ दोलनेच मोजली गेली. काळ पाच टक्क्यांनी कमी धरला की g सुमारे अकरा टक्क्यांनी वाढतो. ९.७८ चे १०.८ होतात ते यामुळेच.

पडताळा सोपा आहे. त्याच लांबीवर, त्याच सवयीने, एकदा २० आणि एकदा ४० दोलने मोजा. तुमच्या पद्धतीने ३८.२ आणि ७८.४ येतील. दुसरी वेळ पहिलीच्या दुप्पट येत नाही यावरूनच मोजणी घसरल्याचे कळते, आणि दोन्हींतला ४०.२ सेकंदांचा फरक खऱ्या २० दोलनांची वेळ देतो. पुढच्या वेळी "तीन, दोन, एक, शून्य" असे म्हणत शून्यावर स्टॉपवॉच सुरू करा. तेही गोळा मध्यस्थितीच्या खुणेवरून जाताना करा, कारण टोकाला गोळा रेंगाळतो आणि तो नेमका कधी वळला हे डोळ्याला ठरवता येत नाही.

प्रश्न: रेकॉर्डमध्ये "त्रुटींची कारणे" या मथळ्याखाली मुले "हवेचा विरोध, मानवी चूक" एवढेच लिहितात. शिक्षक म्हणून मी काय लिहून घ्यावे? (पी.यू. व्याख्याता, चिक्कोडी)

मानवी चूक हा शब्द मी तरी लाल शाईने खोडतो, कारण त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक कारणापुढे g त्यामुळे वाढतो की घटतो आणि अंदाजे किती, हे लिहून घ्यावे. तसे केले की हवेचा विरोध आपोआप यादीच्या तळाशी जातो. पोलादी गोळ्याच्या तुलनेत हवा इतकी हलकी आहे की तिच्या उत्प्लावनाचा परिणाम टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास राहतो. चालू पंख्याचा वारा मात्र खरोखर त्रास देतो, कारण त्याने गोळा लंबवर्तुळात फिरू लागतो. त्यासाठी पंखा बंद ठेवावा आणि गोळा ढकलण्याऐवजी अलगद सोडावा.

याहून मोठे कारण बहुतेक रेकॉर्डमध्ये राहूनच जाते, ते म्हणजे आयाम. सूत्र लहान कोनांपुरते खरे आहे. कोन वाढला की दोलनकाल किंचित वाढतो आणि g कमी येतो. ५ अंशांवर ही घट सुमारे ०.१ टक्का असते, १० अंशांवर सुमारे ०.४ टक्के आणि २० अंशांवर दीड टक्का, म्हणजे ९.७८ ऐवजी ९.६३. सर्व लांब्यांना कोन सारखाच मोठा ठेवला तर ही चूकही प्रमाणबद्ध असल्याने आलेखात दिसत नाही. मुलांना अंश सांगण्यापेक्षा सेंटिमीटर सांगावेत: १ मीटर दोऱ्याला गोळा ८ ते ९ सेंमी, अर्धा मीटर दोऱ्याला ४ सेंमीच बाजूला न्यावा.

बुचाच्या दोन फाका घट्ट दाबलेल्या आहेत का, हेही पाहायला सांगावे. सैल बुचात दोरा आतल्या आत हलतो आणि टांगणीचा बिंदू ठरत नाही.

प्रश्न: पुस्तकात g ९.८ आहे आणि आम्हाला ९.७८ मिळाला. वाचने थोडी बदलून ९.८ करावा का? (विद्यार्थी, हुक्केरी)

मुळीच बदलू नका, कारण तुमच्या भागात ९.७८ हीच किंमत योग्य आहे. ९.८०६६५ हा १९०१ मध्ये ठरवलेला प्रमाण आकडा सुमारे ४५ अंश अक्षांशाला जुळतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि ध्रुवांकडच्या चपटेपणामुळे g विषुववृत्तावर सुमारे ९.७८० तर ध्रुवांवर ९.८३२ असतो. बेळगाव सुमारे १५.९ अंश उत्तरेला आणि समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. अक्षांशाचा हिशेब ९.७८४ देतो आणि उंचीमुळे त्यातून सुमारे ०.००२ वजा होतात, म्हणून उत्तर ९.७८ येते.

अर्थात ± ०.०७ एवढ्या अनिश्चिततेत ९.७८ आणि ९.८१ यांतला भेद तुमचा लंबक दाखवू शकत नाही, आणि ही मर्यादाही रेकॉर्डमध्ये एका वाक्यात लिहावी. हाच स्टँड घेऊन तुम्ही घाट उतरून कारवारच्या किनाऱ्यावर गेलात, तरी g मध्ये जेमतेम ०.००२ चा फरक पडेल आणि ०.१ सेकंदाच्या स्टॉपवॉचला तो कळणार नाही.