आग्र्याच्या दरबारात महाराज नक्की कुणाला बोलले?

प्रश्न: ऐतिहासिक मालिका बघून क्विझची उत्तरं देतो. त्यातला कुठला प्रसंग खरा आणि कुठला रचलेला हे कसं ओळखायचं?

आमच्या सोलापुरात गणपतीत एका मंडळाची क्विझ होती, बाळीवेशीजवळ, तिथं मी आणि माझे साडू एकाच टीममध्ये. प्रश्न आला, आग्र्याच्या दरबारात महाराजांनी आपला संताप कुणाजवळ बोलून दाखवला? मी म्हटलं रामसिंग, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा. साडू माझ्या हातातला माईक ओढून म्हणाले औरंगजेब, आणि परीक्षकांनी तेच बरोबर धरलं! का, तर सगळ्यांनी मालिकेत बघितलंय की ओ, महाराज तख्तासमोर उभं राहून बादशहाला खडसावतायत.

आता खरं काय ते सांगतो. १२ मे १६६६, बादशहाच्या वाढदिवसाचा दरबार. आमेरच्या कछवाह्यांचा, म्हणजे रामसिंगच्या घराण्याचा माणूस परकालदास तेव्हा आग्र्यातच होता आणि आमेरला कल्याणदासला पत्रं लिहून सगळं कळवत होता. तो लिहितो, शाहजादे, वजीर जाफरखान, जसवंतसिंग यांना खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं मिळाली, महाराजांना नाही, तेव्हा ते चिडले. बादशहाच्या लक्षात आलं, त्यानं रामसिंगला विचारायला सांगितलं. मग महाराज रामसिंगलाच म्हणाले की मी कसला माणूस आहे हे तू, तुझा बाप, तुझा बादशहा सगळ्यांनी बघितलंय, तरी मला मुद्दाम उभं ठेवलंत. तख्ताकडे पाठ करून निघाले, बाजूला जाऊन बसले, नंतर खिलत दिली तर तीही घेतली नाही. मला तर हे मालिकेतल्या डायलॉगपेक्षा भारी वाटतं, भर दरबारात बादशहाला पाठ दाखवणं म्हणजे काय! पण टीव्हीवाल्यांना हिरो आणि व्हिलन समोरासमोर लागतात, मधला रामसिंग त्यांना अडचणीचा.

म्हणून मी एकच बघतो, हे बघून लिहून ठेवणारं तिथं कोण होतं? दरबारात शंभर डोळे होते. पण रात्री महालात औरंगजेब एकटाच पुटपुटतोय किंवा त्याची मुलगी झेबुन्निसा पडद्याआडून महाराजांवर भाळतेय, हे कोण बघायला गेलं होतं? तसलं क्विझमध्ये सोडून द्या. तारीख, जागा, कोण हजर होतं, एवढं मालिकेतून घ्या, तेही पुस्तकात पडताळून. तोंडची वाक्यं घेऊच नका.

पलंगावर हिरोजी फर्जंद झोपला ते मात्र टीव्हीवाल्यांचं डोकं नाही, ते सभासद बखरीत आहे. फक्त ती बखर लिहिली तीसेक वर्षांनी, जिंजीला. आणि हो, परकालदासपण रामसिंगच्याच बाजूचा माणूस, आपल्या मालकाला सांभाळून लिहिणारच, तेवढं धरून चाला. तरी वाक्य रामसिंगलाच होतं. साडू, तुम्ही हे वाचताय माहितीये मला, ती पत्रं छापलेली आहेत, या रविवारी घरी, दाखवतो.