यूट्यूब चॅनलच्या मेंबरशिपचे दर लावताना

ताई, भरीत-कळण्याच्या भाकरीचे मुख्य व्हिडिओ सगळ्यांना मोकळेच ठेवा. ते कुलुपात गेले की अधूनमधून बघणारा परततच नाही. २९ रुपयांच्या पायरीत तोच व्हिडिओ दोन दिवस आधी आणि नावापुढे बॅज, एवढं पुरे. यूट्यूबचा ३० टक्के वाटा जाऊन कर धरण्याआधी साधारण २० रुपये उरतात.

वरची पायरी १५९ ची. मी तिथे प्रत्येकाला वीस मिनिटांचा फोन कबूल केला होता. बारा जण आले आणि महिन्याचे चार तास गेले! त्यापेक्षा महिन्यातून एकदा सगळ्यांसाठी एकच लाइव्ह ठेवा. माणसं वाढली तरी काम तेवढंच राहतं. जळगावात वांग्यांचा हंगाम असताना तर नक्की करा.